विषय: थायलंडमध्ये आईचं जेवण

अनघा:
सप्टेंबरमध्ये आईला घेऊन बँकॉक आणि चिआंग माईला जातोय. तिचा चातुर्मास असेल, त्यामुळे कांदा-लसूणही नाही. मागच्या खेपेला मी "नो मीट" सांगून टोफूचं साधं सूप मागवलं होतं. अर्धं पिऊन झाल्यावर तळाशी खिम्याचे कण दिसले. आई काही बोलली नाही, पण रात्रभर जेवली नाही. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाहीये.

सुहास:
बौद्ध देश आहे, फारशी अडचण येऊ नये. ग्रीन करी भाज्या घालून मागवा, नारळाच्या दुधातलीच असते. फिश सॉस नको म्हणून सांगितलं की झालं.

मीनाताई:
सुहास, फिश सॉस सांगून टळतो हे खरं, कारण तो कढईत शेवटी पडतो. पण करीचं वाटण आधीच तयार असतं आणि त्यात बहुधा 'कापी', म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, असतो. तो कोण काढणार? तेच सूपचं. पाणीच डुकराच्या हाडांचं असतं, वरून खिमा न घालूनही उपयोग नाही. आणि तिथले भिक्खूही भिक्षेत आलेलं मांस खातात.

अनघा, "व्हेजिटेरियन" शब्द सोडून दे. "चान किन जे" म्हण. पुरुषांनी "फोम किन जे" म्हणायचं. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आईंना अगदी जमेल. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं शोध. ती इंग्रजी आकड्यांत १७ लिहिल्यासारखी दिसतात. मात्र तिथे सोयाचं 'मांस' हुबेहूब दिसतं, आईंना आधीच सांगून ठेव. 'जे'चा नऊ दिवसांचा उत्सव चिनी नवव्या महिन्यात येतो. २०२४ मध्ये तो आपल्या नवरात्राबरोबरच, ३ ऑक्टोबरला सुरू झाला होता. तेव्हा गल्लोगल्ली पिवळी निशाणं लागतात.

प्रसाद:
आमच्या मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. 'मांगसाविरात', म्हणजे शाकाहारी, असं लिहिलेलं चालेल का?

मीनाताई:
नाही. त्यात अंडं आणि दूध चालतं. तुम्हीही 'जे'च विचारा, पण अ‍ॅलर्जी वेगळी सांगा. कढई तीच असू शकते.

अनघा:
आणि सोम तम? पपई तर समोरच कुटतात.

मीनाताई:
म्हणूनच तिथे सांगता येतं: "माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग". फिश सॉस नको, सुकी कोळंबी नको. लसूणही "माय साय क्रातियम" म्हणून वगळायला सांग, आणि मीठ घालायला सांग. पण खलबत्ता आधीच्या गिऱ्हाइकाचाच, नुसता पुसलेला. मी खाते. आईंना चालेल का, ते त्यांनाच विचार.

सुहास:
वाटणाचं माहीत नव्हतं. दोन वर्षं मी ती करी बिनधास्त खाल्ली. बँकॉकमध्ये पाहुरातच्या गुरुद्वारात लंगरही असतो, अनघा, एका जेवणाची तरी चिंता मिटेल. फक्त डाळीला लसणाची फोडणी असते का, तेवढं विचारून घे.

अनघा:
खलबत्त्याचं आईला विचारलं. म्हणाली, "आपला घेऊन जाऊ." खरंच बॅगेत भरतेय.