सोनोग्राफी रिपोर्टातलं बाळाचं वजन : तुमचे अनुभव सांगा

म्हापशाहून एक होणारा बाबा : बायकोला ३४वा आठवडा. रिपोर्टात वजन २१०० ग्रॅम, पुढे ± ३१५. पाण्याचा आकडा, म्हणजे ए.एफ.आय., ९. वार पुढच्या भिंतीवर, वरच्या बाजूला. सासूबाईंनी 'बाळ बारीक' म्हणून घोषा लावलाय. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. ज्यांनी असे रिपोर्ट पाहिलेत त्यांनी लिहा.

फोंड्याची मावशी : पाणी ९ म्हणजे कमीच की! माझ्या सुनेला रोज शहाळं दिलं, १२ वर गेलं.

सोनोग्राफीवाली, मडगाव : मावशी, ५ ते २५ चालतं, ९ मध्ये घाबरण्यासारखं काही नाही. पाणी भरपूर प्यायल्याने आकडा थोडा वाढू शकतो, पण मोजणाऱ्याच्या हातानेही दोन-तीनचा फरक पडतो.

आता वजन. मशीन बाळाला तोलत नाही. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजून सूत्रातून वजन काढतं. म्हणजे तुमचं बाळ १७८५ ते २४१५च्या मध्ये कुठेही असेल. सगळ्यात जास्त भार पोटाच्या घेरावर, आणि नेमका तोच मिळवायला कठीण. बाळाचं जठर दिसावं, मूत्रपिंड दिसू नये, असा आडवा छेद लागतो. बाळ पाठ वळवून बसलं की तो तिरका येतो आणि वजन बदलतं. म्हणून एका आकड्यापेक्षा दोन तपासण्यांमधली वाढ बघतात. त्या दोन आठवड्यांच्या आत केल्या, तर वाढीपेक्षा चूकच मोठी ठरते. पोटाचा घेर मागे पडत चालला, तर पाणी आणि डॉपलर, म्हणजे नाळेतला रक्तप्रवाह, नीट बघावं लागतं.

पेडण्याची वहिनी : माझी वार २०व्या आठवड्याला खाली होती, गर्भाशयाच्या तोंडापासून १.४ सेंमी. ३२व्याला आतून सोनोग्राफी केली तेव्हा ३ सेंमीच्या वर. रक्त मात्र कधी गेलं नाही. तुमचीही सरकेल, काळजी नको.

सोनोग्राफीवाली, मडगाव : वहिनी, त्यांची वार वरच आहे, सरकण्याचा प्रश्नच नाही. पुढे असली की लाथा जरा मंद जाणवतात, एवढंच. पण रोजच्यापेक्षा हालचाल कमी झाली, तर 'वार पुढे आहे' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साखळीचा अनिकेत : आमचं उलटं. मधुमेह होता, रिपोर्टात ३.८ किलो आलं, सिझेरियन ठरलं, निघालं ३.३. राग अजून आहे.

सोनोग्राफीवाली, मडगाव : मोठ्या बाळांत आकडा जास्त चुकतो. पण मधुमेहात निर्णय नुसत्या वजनावर होत नाही, तुमची बाकीची कारणं मला माहीत नाहीत.

म्हापशाहून एक होणारा बाबा : पुढची सोनोग्राफी त्याच सेंटरला करू का?

सोनोग्राफीवाली, मडगाव : हो, शक्यतो तोच हात, तेच मशीन.

डिचोलीची रेश्मा : मला हे पटत नाही. गोमेकॉत रेफर झाले तेव्हा आधीच्या सेंटरपेक्षा २५० ग्रॅम कमी आलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यावरूनच भरती केलं.