छापील किमतीच्या वर जीएसटी? सातवीच्या प्रश्नावरून पेटलेली चर्चा

शाहूपुरीचा बाप: पोराच्या सराव-पेपरात प्रश्न आहे: "रंगाच्या डब्याची एमआरपी ११८ रुपये, जीएसटी १८ टक्के. ग्राहकाने किती द्यावे?" उत्तर दिलंय १३९.२४. पोरानं ११८ लिहिलं, तर शून्य. चूक कुणाची?

विश्रामबाग, हिशेबनीस: पोराचं बरोबर आहे, आणि हे वाचून मला राग आलाय. डबा उलटा करा, छापील किमतीखाली "सर्व करांसहित" असं असतं. कर त्या ११८ च्या पोटातच आहे: १०० वस्तूचे, १८ कराचे. ११८ चे १८ टक्के काढून २१.२४ वर चढवले की करावरही कर लागला. शिवाय ११८ ही कमाल किंमत. दुकानदारानं ११० ला दिला, तर कर ११० मधूनच निघतो, १६.७८ रुपये.

वाईची शिक्षिका: आम्हाला टक्केवारीचा सराव घ्यायचा असतो. मुलांना प्रश्न सोपा वाटावा म्हणून तसा घातला असेल. एवढं तुटून पडू नका.

विश्रामबाग, हिशेबनीस: मग "करापूर्वीची किंमत १०० रुपये" असं घाला, गणित तेच राहतं. आज चुकीचं शिकलेलं पोर उद्या दुकानात २१ रुपये मुकाट्यानं देईल.

मिरजेचा भाऊ: छापील किमतीचं सांगू नका. हायवेच्या एका हॉटेलात वीसची पाण्याची बाटली मला तीसला दिली, वर पाच टक्के लावले. ही सरळ लूट. एमआरपीच्या वर कुणालाच घेता येत नाही!

कराडची वकील: भाऊ, इथं तुमचं अर्धंच खरं. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की हॉटेलात बसवून दिलेली बाटली म्हणजे नुसती विक्री नाही, सेवाही आहे. तिथं एमआरपीचं बंधन नाही.

मिरजेचा भाऊ: बसलो कुठं? काउंटरवरून घेतली, गाडीत प्यायलो. खुर्चीचं भाडं कसलं?

कराडची वकील: मग तुमचा मुद्दा बळकट आहे, मान्य. पण बिल आहे का?

मिरजेचा भाऊ: कच्ची चिठ्ठी. त्यावर जीएसटी नंबरही नाही.

विश्रामबाग, हिशेबनीस: नंबर नाही तर पाच टक्के घेतलेच कसे? नोंदणी नसलेल्याला कर मागता येत नाही. कंपोझिशन म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या योजनेतल्याला नंबर असतो, तरी तोही ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. महाराष्ट्रातला नंबर २७ नं सुरू होतो. चिठ्ठीचा फोटो ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करा.

मिरजेचा भाऊ: साडेअकरा रुपयांसाठी?

कराडची वकील: जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पण हेलपाटे आहेत, ते मी नाकारत नाही.

वाईची शिक्षिका: बरं, प्रश्न चुकीचाच होता. आमच्या शाळेत मी "करापूर्वीची किंमत" घालीन. पण दुसऱ्या शाळेचे गुण मी कसे बदलू?

शाहूपुरीचा बाप: उद्या रंगाचा रिकामा डबा घेऊन शाळेत जातोय.