मदत हवी आहे: वेर्ण्याची नोकरी धरू की एम.कॉम. करू? हिशेब कुठे चुकतोय?

डिचोलीची पोर
नमस्कार मंडळी. यंदा बी.कॉम. झाले. वेर्ण्याच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी मिळतेय, हातात 20,000. दुसरीकडे ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात एम.कॉम. करायची इच्छा आहे. दोन वर्षांचा फी-पुस्तकांचा खर्च मी 48,000 धरलाय. एम.कॉम.नंतर 27,000 मिळतील असं पुढच्या बॅचची मुलं सांगतात. म्हणजे महिना 7,000 जास्त, सात महिन्यांत फी वसूल! मी हे वहीत मांडून दाखवलं तर बाबा नुसते हसले. म्हणाले, "पगार सोडतेस तो कुठे लिहिलास?" पण तो पगार माझ्या खिशातून थोडाच जातोय?

बिनधास्त
बाबा बरोबर आहेत. याला अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात. 20,000 गुणिले 24, म्हणजे 4,80,000. त्यात फी मिळव, दोन वर्षांचं जेवणखाण मिळव. शिवाय बँकेची परीक्षा दिली असतीस तर तो पगारही. सगळं गेलं. नोकरी घे!

जमाखर्च
बिनधास्त, अर्धं बरोबर. एकाच वेळी कंपनीत आणि बँकेत कशी बसणार ती? सुटलेल्या वाटांपैकी सगळ्यात चांगली एकच धरायची. जेवणही काढा. आईच्या हातची आमटी ती दोन्हीकडे खाणारच आहे.
डिचोलीची पोर, दोन गोष्टी सांग. वेर्ण्याला जायला महिना किती लागेल? आणि शिकताना काही कमावशील का?

डिचोलीची पोर
पणजीला बस बदलून जायचं, वर चहापाणी, 3,000 तरी. विद्यापीठाला 1,000. सध्या शेजारच्या चार मुलांच्या शिकवण्या घेते, 4,000 मिळतात. नोकरी धरली तर घरी यायला आठ वाजतील, शिकवण्या बंद. आणखी एक, प्रवेश परीक्षेच्या क्लासला 6,000 भरलेत, ते फुकट जातील ना?

जमाखर्च
ते 6,000 गेले. एम.कॉम. केलंस तरी परत येत नाहीत, नाही केलंस तरी नाही. वहीतून खोडून टाक.
आता बघ. नोकरीत प्रवास जाऊन उरतात 17,000. शिकताना शिकवण्यांतून बसभाडं जाऊन 3,000. दर महिन्याला तू सोडतेस ते 14,000, पूर्ण 20,000 नव्हेत. 24 महिन्यांचे 3,36,000. त्यात 48,000 मिळवले की 3,84,000. तुझ्या एम.कॉम.ची खरी किंमत ही, फी त्यातला लहान तुकडा.
वसुलीत तुझी मोठी चूक आहे. तू 27,000 ची तुलना आजच्या 20,000 शी करतेस. पण दोन वर्षं नोकरीत राहिलेली तू तेव्हा 20,000 वरच असशील का? 23,000 धर. फरक उरला 4,000. 3,84,000 भागिले 4,000, 96 महिने. सात महिन्यांची आठ वर्षं झाली.

म्हापशेकार
मी नेमकं हेच सांगतो सगळ्यांना. माझा बाजारात स्वतःचा गाळा आहे, भाडं शून्य, म्हणून माझं दुकान फायद्यात. मुली, तूही घरचा धंदा बघ.

जमाखर्च
म्हापशेकारबाब, तो गाळा दुसऱ्याला दिलात तर भाडं किती येईल? ते नफ्यातून वजा करून बघा एकदा.

म्हापशेकार
18,000 देतो म्हणत होता एक मोबाइलवाला. आता चवथीपर्यंत झोप नाही मला.

पावसाळी
जमाखर्च, गणित ठीक, पण ते 27,000 वर उभं आहे आणि तो आकडा ऐकीव. 31,000 मिळाले तर फरक 8,000, चार वर्षांत वसूल. 24,000 मिळाले तर फरक 1,000, वसुलीला बत्तीस वर्षं. आधी दोन-तीन जणांना खरा पगार विचार, आणि नोकरी लागायला किती महिने गेले तेही. रिकामे गेलेले महिनेही याच खात्यात पडतात.
दुसरं म्हणजे मी स्वतः शिकवते. कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.कॉम. आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी., याला पर्याय नाही. ते दार नोकरी करून उघडत नाही. शिकवण्या आवडतात का तुला, की फक्त पैशांसाठी घेतेस?

जमाखर्च
हे मान्य. ते माझ्या भागाकारात बसत नाही. पण त्यासाठी 3,84,000 मोजतेय हे माहीत असावं. आणि नोकरी दोन वर्षं करून मग एम.कॉम. केलंस तर?

पावसाळी
तेव्हा सोडायचा पगार 23,000 असेल. आमच्यात असं ठरवलेले बरेच जण परतलेच नाहीत.

डिचोलीची पोर
शिकवण्या आवडतात, खरंच. पण नेट नाही निघाली तर? कंपनीला सोमवारपर्यंत कळवायचंय. वही बाबांना पुन्हा दाखवली. या वेळी हसले नाहीत, 23,000 खाली पेन्सिलीने रेघ मारून म्हणाले, "वाढ देतात का, हे आधी तिथल्या कोणाला तरी विचार." तिथे काम करणारं कोणी आहे का इथे?