मदत हवी आहे: पोर्टमधून सलाईन लावल्यावर आईला हुडहुडी, पण वर काहीच दिसत नाही

खानदेशी_मुलगी
आईची (वय ६२) केमो मुंबईत चालू आहे. गळपट्टीच्या हाडाखाली केमोपोर्ट आहे. चौथी केमो होऊन आज दहावा दिवस. जुलाबांनी गळून गेली म्हणून इथल्या दवाखान्यात पोर्टमधूनच सलाईन लावलं. अर्ध्या तासात अशी हुडहुडी भरली की खाट हलत होती. ताप १०१.२. क्रोसिन दिल्यावर घाम येऊन उतरला, आता झोपली आहे. पोर्टवरची कातडी नेहमीसारखीच. मुंबईची अपॉइंटमेंट सोमवारी आहे. तोवर थांबलं तर चालेल का?

अण्णा_६०
घाबरू नका. सलाईन गार असलं की थंडी वाजते. आमच्या भावाच्या पोर्टला इन्फेक्शन झालं तेव्हा जागा लालबुंद झाली होती, पू आला होता. तुमच्याकडे तसं काही नाही.

डेकेअर_सिस्टर
अण्णा, ते पोर्टच्या खिशातलं इन्फेक्शन. हे नळीच्या आतलं असू शकतं. नळीचं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. जंतू आत चिकटून बसतात आणि सलाईन सोडलं की रक्तात ढकलले जातात. सलाईननंतर तासाभरात हुडहुडी भरली, तर आम्ही आधी पोर्टवरच संशय घेतो. शिवाय दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला असतात. लाली आणि पू त्याच पेशींमुळे येतात, मग वर दिसणार काय?

ताई, सोमवार नको, आत्ता निघा. केमोत १००.४ म्हणजेच इमर्जन्सी. क्रोसिनने ताप झाकला जातो, जंतू जात नाहीत. पोर्टमधून आता काही सोडू देऊ नका. कल्चरसाठी पोर्टमधून आणि हातातून एकाच वेळी रक्त घ्या म्हणावं, पण त्यापायी अँटिबायोटिक लांबवू नये.

पुणेरी_पेशंट
माझ्या दंडात पिक लाईन आहे. हात सुजला, काखेत ठणका, ताप मात्र नाही. सोनोग्राफीत गुठळी निघाली. दर आठवड्याला ड्रेसिंग बदलायचं, अंघोळीला हाताला प्लास्टिक बांधायचं. पोर्टला खर्च किती आला हो?

डेकेअर_सिस्टर
दादा, खर्चाचं मागाहून बघू. ताई, निघालात का?

खानदेशी_मुलगी
रात्रीच नेलं. पोचलो तेव्हा बीपी ९०/६० होतं आणि न्यूट्रोफिल फक्त ४००. आज कळलं, पोर्टच्या रक्ताची बाटली हातातल्यापेक्षा तीन तास आधी पॉझिटिव्ह झाली. म्हणजे घर पोर्टमध्येच आहे, असं डॉक्टर म्हणाले. जंतूचं नाव अजून यायचंय. स्टॅफ ऑरियस किंवा बुरशी निघाली तर पोर्ट काढणार. कातडीवरचा साधा स्टॅफ असेल तर नळीत अँटिबायोटिक भरून ठेवून वाचवायचा प्रयत्न करणार.

अण्णा_६०
माझं चुकलं, ताई. पण काढूनच टाका, कटकट नको.

डेकेअर_सिस्टर
नाव येऊ दे, अण्णा. आईंच्या हाताच्या शिरा कशा आहेत?

खानदेशी_मुलगी
सापडतच नाहीत. काल हातातून रक्त घ्यायला चार वेळा टोचलं.