प्रतिसाद: सरळ रेषेत जाणाऱ्या कणाचा कोनीय संवेग

> "कण बिंदूपासून लांब जातो, r वाढत राहतो, मग कोनीय संवेग तोच कसा राहील?"

एकसमान वेगाने सरळ रेषेत जाणाऱ्या कणाचा एका स्थिर बिंदूभोवतीचा कोनीय संवेग L बदलत नाही, असं मूळ उत्तरात म्हटलंय; त्यावरची ही शंका. r म्हणजे बिंदूपासून कणापर्यंतचं अंतर वाढतं, पण r आणि वेग यांच्यातला कोन त्याच वेळी लहान होत जातो. L = mvr sinθ मधला r sinθ म्हणजे बिंदूपासून मार्गरेषेवर टाकलेला लंब, आणि रेषा तीच असेपर्यंत त्याची लांबी बदलणार कुठून? 2 किलोचा कण 3 मी/से वेगाने, बिंदूपासून 4 मीटरवरच्या रेषेवरून चाललाय असं धरा. लंबाच्या पायाशी L = 2×3×4 = 24 किग्रॅ·मी²/से. सेकंदाभराने तो 3 मीटर पुढे असतो; आता r = 5, sinθ = 4/5, म्हणजे 2×3×5×4/5, पुन्हा 24. कमी होतो तो कोनीय वेग: 0.75 वरून 0.48 रेडियन/से.

मूळ उत्तरात "सरळ रेषेत जातोय म्हणून स्थिर" असं कारण दिलंय, ते मात्र मला पटत नाही. गच्चीवरून सोडलेला दगडही सरळच पडतो. पण त्या रेषेपासून 4 मीटर बाजूच्या बिंदूभोवती वजनाचा टॉर्क mg×4 इतका असतो, आणि L दर सेकंदाला तेवढा वाढतो. आपल्या कणावर निव्वळ बलच नाही, म्हणून टॉर्क शून्य. दगडासाठी L स्थिर हवा असेल तर बिंदू त्याच्या मार्गरेषेवरच घ्यावा लागेल, आणि तिथे तो कायम शून्यच येईल.