तुटक वाक्ये कोठे जोडावीत

“‘आम्ही पहाटे अंबडहून निघालो. जालन्याला थांबलो. चहा घेतला. पाऊस सुरू झाला. गाडी बंद पडली.’ हे तुटक वाटते, कसे सुधारू?”

पहिल्या तिन्ही क्रियांचा कर्ता एकच असल्याने त्या ‘निघून’मधल्या ‘ऊन’ प्रत्ययाने आणि ‘आणि’ या शब्दाने सहज जोडता येतात: “आम्ही पहाटे अंबडहून निघून जालन्याला थांबलो आणि चहा घेतला, तोच पाऊस सुरू झाला. गाडी बंद पडली.” पावसापाशी कर्ता बदलतो, म्हणून तेथे ‘तोच’ घेतले, ‘चहा घेऊन पाऊस सुरू झाला’ असे लिहिल्यास चहा पावसानेच घेतला असे होईल. शेवटचे वाक्य मात्र मुद्दाम आखूड ठेवले आहे, कारण लांब वाक्यानंतर आल्यामुळेच गाडीचे थांबणे कानाला जाणवते. एका वाक्यात दोनहून अधिक ‘ऊन’ आले, तर मोठ्याने वाचताना नवेच रटाळपण ऐकू येते.