कॉफीनंतरची जळजळ: कोणता कप सोसतो, कोणता नाही?

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, माझा अनुभव आधी लिहिते, मग तुमचे हवेत.

मी शाळेत शिकवते, वय 47. आमच्या घरात चहाचंच राज्य होतं. मुलगी शिकायला बंगळुरूला गेली आणि तिच्यामुळे कॉफी घरात आली. दोन वर्षांत माझे दिवसाचे तीन कप झाले: पहाटे साडेपाचला उपाशीपोटी, दुपारी शाळेतून आल्यावर आणि रात्री जेवणानंतर पेपर तपासताना. तिन्ही वेळा इन्स्टंट, दोन चमचे, भरपूर दूध.

दिवाळीनंतर रात्री दोन-अडीचला जाग यायला लागली. छातीच्या मधल्या हाडामागे आग आणि घशाशी आंबट-कडू पाणी. उठून बसलं की दहा मिनिटांत उतरायचं. हे ऐकताच डॉक्टर म्हणाले, की आडवं झाल्यावर जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतंय. गोळ्यांचा कोर्स दिला आणि एक गोष्ट बजावली: सगळं एकदम सोडू नका, नाहीतर नेमकं काय सोसत नाही ते कळणारच नाही.

कोर्स संपल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या. पहिले 14 दिवस सगळं पूर्वीसारखंच ठेवलं. त्यातल्या 9 रात्री जळजळ. पुढचे 14 दिवस फक्त रात्रीचा कप बंद केला. जळजळीच्या रात्री 3 उरल्या. त्यातल्या दोन शेवभाजीच्या होत्या, एक लग्नातल्या वरण-बट्टीची, रात्री साडेदहाला जेवलेली. मग सकाळचा कप उपाशीपोटी न घेता अर्ध्या भाकरीनंतर घ्यायला लागले, तेव्हा अकराच्या तासाला फळ्यासमोर होणारी जळजळ गेली. पावडर मी सगळ्यात शेवटी बदलली. मुलीने पाठवलेली, गडद भाजलेली फिल्टर पावडर. त्याने फरक पडला, पण थोडा. म्हणजे माझ्या बाबतीत वेळ बदलल्याचा जितका उपयोग झाला, तितका बी बदलल्याचा झाला नाही. पण सगळ्यांचं असंच असेल असं मला वाटत नाही, म्हणून विचारतेय. कोणती पावडर, किती वाजता, कशासोबत, एवढं नक्की लिहा.

केळीवाला नाना (रावेर तालुका)

ताई, कॉफी उष्ण. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांवर पारा जातो, त्यात उष्ण पदार्थ घेतला तर पित्त खवळणारच. मी उन्हाळ्यात कॉफी बंद ठेवतो, ताक पितो. मला त्रास नाही.

गिरणाकाठ

नाना, ताक मलाही सोसतं. पण माझा त्रास डिसेंबरातला आहे, थंडीत. म्हणून उन्हाळ्याला दोष देता येत नाही.

चोपड्याचा भाजणीवाला (सध्या बंगळुरू)

मी गेली आठ वर्षं कॉफी भाजण्याच्या कामात आहे. गाव चोपडा, म्हणून या धाग्यावर हक्काने लिहितो.

कॉफी आंबट असते म्हणून जळजळ होते, हा समज सगळ्यात पक्का बसलेला आहे. कॉफीचा पीएच साधारण 5 असतो; हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त. लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास आणि जठरातल्या आम्लाचा त्याहूनही खाली. म्हणजे कपातून पोटात आम्ल फारसं जात नाही. कॉफी पोटाला जास्त आम्ल सोडायला लावते, खरी गोष्ट ही आहे. त्यात कॅफिनचा वाटा आहे, पण एकट्या कॅफिनचा नाही. कॅफिन काढून टाकलेल्या डिकॅफ कॉफीनेही पोट आम्ल सोडतं. जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती कॉफीने सैल पडते असं काही तपासण्यांत दिसलं, काहींत दिसलं नाही. ते प्रकरण मिटलेलं नाही.

आता बियांचं. मुख्य जाती दोन, रोबस्टा आणि अरेबिका. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या देशात पिकते त्यात रोबस्टाच जास्त, आणि इन्स्टंटमध्ये बहुतेक तीच जाते. त्यामुळे ताईंनी इन्स्टंटवरून अरेबिकाच्या पावडरीवर उडी मारली असेल, तर कॅफिन आपोआप उतरलं. शिवाय भाजणी. बी जितकं गडद भाजाल तितकी त्यातली क्लोरोजेनिक आम्लं मोडतात आणि एन-मिथाइलपिरिडिनियम नावाचा पदार्थ वाढतो. गडद भाजणीची कॉफी प्यायल्यावर पोटाने कमी आम्ल सोडलं असं एका तपासणीत दिसलंय. पण त्यातली माणसं मोजकीच होती, म्हणून मी गिऱ्हाइकाला हमी देत नाही. एवढंच सांगतो, की हल्ली फिक्या भाजणीची फॅशन आहे, आणि ज्याला त्रास होतो त्याने सुरुवात तिथून करू नये.

जिभेला कमी आंबट हवी असेल तर मान्सून मलबार बघा. भाजण्याआधी ते बी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर ठेवतात. ते फुगतं, पिवळट होतं आणि त्याचा आंबटपणा जातो. जिभेला ती निश्चित सौम्य लागते. पोटालाही तशीच लागेल हे मात्र त्यावरून ठरत नाही.

शिरपूरकर_92

कोल्ड ब्रू करा ना! त्यात अ‍ॅसिडच नसतं. मी वर्षभर तीच पितोय, एकही गोळी घेतली नाही.

चोपड्याचा भाजणीवाला

भाऊ, तुम्हाला बरं वाटतं ते खरं असणार, पण अ‍ॅसिड नसतं हे बरोबर नाही. मोजलं तर थंड आणि गरम कॉफीचा पीएच जवळपास सारखाच निघतो. गरम पाण्यात एकूण आम्लं जास्त उतरतात, फरक तेवढा. तुम्ही करता कशी?

शिरपूरकर_92

50 ग्रॅम जाडसर पावडर, 400 मिली पाणी, फ्रिजमध्ये 14 तास, मग कापडातून गाळून. त्यातलं पाव ग्लास घेऊन वर गार पाणी. एकदा उन्हाळ्यात बरणी ओट्यावरच राहिली, सकाळी आंबूस वास आला आणि सगळी ओतून द्यावी लागली. आणि हो, आता लिहिताना लक्षात आलं, आधी चार कप गरम प्यायचो, आता दुपारी एकच ग्लास होतो.

गिरणाकाठ

मग ब्रूने फरक पडला की चारचा एक झाल्याने, हे कसं ओळखायचं? आठवडाभर तोच एक कप, तेवढ्याच पावडरीचा, दुपारी गरम करून पाहाल का?

रेल्वे कॉलनी (भुसावळ)

आमच्या शेजारच्या अम्मा तमिळ, चाळीस वर्षं भुसावळात. त्यांनीच मला फिल्टर लावायला शिकवलं. वरच्या डब्यात तीन मोठे चमचे पावडर हलक्या हाताने दाबायची, उकळून मिनिटभर थांबलेलं पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. थेंबथेंब काढा खाली उतरतो. दोन बोटं काढा, वर दूध.

माझा अनुभव चिकोरीचा. पुड्यावर कॉफी 70, चिकोरी 30 असं लिहिलेलं असतं. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ, त्यात कॅफिन नसतं, म्हणून मी मुद्दाम चिकोरी जास्त असलेली पावडर आणली. जळजळ कमी झाली, पण पोट फुगायला लागलं आणि करपट ढेकर सुरू झाले. आता 85–15 वर स्थिर आहे. अम्मा म्हणतात, चिकोरी म्हणजे कॉफीच नाही. त्या शंभर टक्के पीबेरी, म्हणजे फळात एकच गोल बी धरलेली कॉफी पितात, दिवसातून चार वेळा, आणि सत्तरीतही त्यांना कसलाच त्रास नाही.

दुकानदार (धुळे)

माझं औषधाचं दुकान आहे. आम्ल कमी करणारी सकाळची गोळी निम्मी गिऱ्हाइकं चुकीच्या वेळी घेतात. पँटोप्राझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. लोक आधी कॉफी पितात, नाश्ता करतात, मग गोळी, आणि वर म्हणतात गोळी लागू पडत नाही. काउंटरवर एक आजी आल्या होत्या, "छातीमा जळजळ व्हस भाऊ, गोयी बदली दे." गोळी बदलली नाही, वेळ बदलून दिली. पंधरा दिवसांनी परत आल्या त्या नातवाच्या खोकल्याचं औषध न्यायला.

पण महिनोन्‌महिने आपल्या मनाने गोळी चालू ठेवू नका. आणि घास अडकणं, वजन उतरणं, काळी शी होणं यांतलं काहीही असेल तर कॉफी बदलत बसू नका, दवाखाना गाठा.

केळीवाला नाना

दुकानदार भाऊंचं वाचून आठवलं. उन्हाळ्यात मी कॉफी बंद ठेवतो असं लिहिलं, पण गेल्या हिवाळ्यात मलाही पोटात जाळ होता. तेव्हा गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी चालू होती. बागेत सहाला जायचं म्हणून उपाशीपोटी कॉफीसोबतच गिळायचो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कॉफी सांगितली, गोळी सांगितलीच नाही, कारण ती हाडांच्या डॉक्टरांची होती. तीन महिन्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून सगळ्या पट्ट्या नेऊन टेबलावर ठेवल्या. दुखण्याची गोळी बंद झाली आणि जाळही थांबला. कॉफी थंडीत आजही पितो.

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

माझं वरच्या कुणाशीच जुळत नाही. डिकॅफ घेतलं, गडद भाजलेली घेतली, जेवणानंतर तीन तासांनी घेतली, पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवले. अर्ध्या कपानेही जळजळ होते. चहाने होत नाही, अगदी कडक उकळलेल्या चहानेही नाही. कॅफिन तर चहातही आहे. मग माझ्यात कॉफीतलं नेमकं काय लागतं?

चोपड्याचा भाजणीवाला

ताई, कपभर चहात कॅफिन कॉफीपेक्षा कमी असतं, पण तुम्हाला डिकॅफनेही होतंय म्हणजे कॅफिनवर बोट ठेवता येत नाही. भाजताना बियांत शेकडो पदार्थ तयार होतात आणि त्यातला एखादाच तुमच्या पोटाला नको असेल. तो कोणता हे मला सांगता येणार नाही.

अमळनेरचे काका

एवढंच लिहितो. माझी "कॉफीची जळजळ" जिना चढताना व्हायची आणि थांबलो की थांबायची. घाम यायचा, डावा खांदा दुखायचा. दोन आठवडे मी कॉफी सोडून थंड दूध पीत राहिलो. ती जळजळ हृदयाची होती. आडवं झाल्यावर होते की चालल्यावर, हे आधी बघा.

गिरणाकाठ

काका, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्या कॅलेंडरवर हा रकाना नव्हताच, तो आता घालते.

शिरपूरकर_92

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुपारी अडीचला एकच कप गरम, तेवढ्याच पावडरीचा. आज चौथा दिवस. अजून एकदाही जळजळ नाही. उद्या रविवार, घरी भरीत-पुरी आहे. कप त्याच वेळी घेणार आणि रात्री काय होतं ते सोमवारी लिहितो.